दूध बंद, शेंगदाणे बंद, तरी अंगावर पित्त उठतंय: खेळाडूच्या प्रोटीनमधला लपलेला अंश कसा शोधायचा

माझ्याकडे ही तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. मुलाला किंवा मुलीला ॲलर्जी आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं. तो पदार्थ कधीचा बंद केलेला असतो. पावडरसुद्धा निरखून, ‘व्हीगन’ लिहिलेली घेतलेली असते. आणि तरी महिन्यातून तीन-चार वेळा अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, पोट मुरडतं. घरचे म्हणतात पित्त उठलं. आमसुलाचं पाणी लावतात, तासाभरात बसतं, आणि पुढच्या वेळेपर्यंत विषय संपतो.

पुढचं वाचण्याआधी एवढं बघा. गांधींबरोबर आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, घशात आवळल्यासारखं झालं, उलट्या सुरू झाल्या किंवा चक्कर आली, तर ते पित्त नाही. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन आणि रुग्णालय, याच क्रमाने. ॲलर्जीच्या गोळीने गांधी आणि खाज कमी होते, पण बंद होत चाललेला श्वास तिने उघडत नाही.

आता मूळ गोष्ट. मी खेळाडूंचा आहार बघते. सातारा जिल्ह्यातला एक ८०० मीटरचा धावपटू, वय १७, वजन ५८ किलो, त्याच्या आईबरोबर आला होता. दूध आणि शेंगदाणा या दोन्हींची ॲलर्जी लहानपणी तपासून निश्चित झालेली. अंडी आणि चिकन चालतं. चार महिन्यांपूर्वी प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर सुरू केली, चॉकलेट चवीची, व्हीगन चिन्ह असलेली. तेव्हापासून ‘पित्त’ वाढलं. मी पावडरकडे बोट दाखवल्यावर आई म्हणाली, “अहो मॅडम, पावडर तर तो रोज घेतो. तिच्यामुळे असतं तर रोज उठलं असतं ना? कधी उठतं, कधी नाही.”

प्रश्न अगदी रास्त होता. बहुतेक घरं याच प्रश्नापाशी अडकतात आणि खऱ्या गुन्हेगाराला सोडून देतात.

रोज का होत नाही

शरीराला किती अंशावर प्रतिक्रिया द्यायची याची एक पातळी असते, आणि ती रोज सारखी नसते. दमवणारा व्यायाम, अपुरी झोप, ताप, पाळीचे दिवस, आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनच्या जातीची वेदनाशामक गोळी यांपैकी काहीही असलं की ती खाली येऊ शकते. इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामामुळे आणि झोप मोडल्यामुळे, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, ही पातळी सरासरी ४५ टक्क्यांनी घसरली होती. म्हणजे घरी बसून जेवढा अंश पचून गेला, त्याच्या जवळजवळ निम्म्यातच ट्रॅकवर अंग फुलतं.

म्हणून मी त्याला वही दिली. साधी वही, पण त्यात फक्त जेवण लिहून भागत नाही. काय खाल्लं आणि किती वाजता, पाकिटाचा बॅच क्रमांक, सराव कसला आणि कधी सुरू झाला, आदल्या रात्रीची झोप, कुठलीही गोळी, आणि लक्षण किती वाजता दिसलं. तीन आठवड्यांत चार वेळा गांधी उठल्या. चारही वेळा मंगळवार किंवा शुक्रवार, म्हणजे वेगाच्या धावांचे दिवस. त्या दिवशी पावडर सरावाच्या पाऊण तास आधी घेतलेली. चारपैकी दोन वेळा नडगी दुखते म्हणून दुकानातून घेतलेली आयबुप्रोफेनची गोळी. सुट्टीच्या दिवशी तीच पावडर, तोच डबा, काही नाही. हे सगळं एकत्र मांडल्यावर आईचा प्रश्न आपोआप सुटला.

पावडर लगेच बंद केली आणि वही घेऊन त्याला ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवलं. हे घरी ‘एकदा परत घेऊन बघू’ म्हणून तपासायचं नसतं. एक इशारा इथेच: बाजारात रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडावरून शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ यादी देणाऱ्या तपासण्या मिळतात. त्यांनी ॲलर्जी ठरत नाही. त्या यादीवरून डाळी, गहू, तांदूळ सगळं बंद करून वजन घालवून बसलेले खेळाडू माझ्याकडे आले आहेत.

डब्यावर नेमकं काय लिहिलं होतं

डबा मी मागवून घेतला. पुढे ठळक व्हीगन चिन्ह. मागे घटकांची यादी: वाटाण्याचं प्रोटीन, कोको, चव, गोडवा. ‘कंटेन्स’च्या ओळीत दुधाचं नाव नाही. आणि डब्याच्या शिवणीजवळ, बारीक अक्षरात, ‘मे कंटेन मिल्क, सोया, नट्स’. ती ओळ घरात कोणी वाचली नव्हती, आणि वाचली असती तरी व्हीगन चिन्हावरच विश्वास ठेवला असता, असं आई प्रामाणिकपणे म्हणाली.

चिन्हांबद्दलचा गोंधळ आपल्याकडे फार आहे. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी, आणि आपल्या व्याख्येत दूध शाकाहारीच. त्यामुळे दुधाची ॲलर्जी असलेल्याला हिरवा ठिपका काहीच सांगत नाही. अंड्याच्या बाबतीत तो थोडासा उपयोगी आहे, कारण अंडं घटक म्हणून असेल तर पदार्थ हिरव्या चिन्हात बसत नाही. पण त्याच यंत्रावर आधी अंड्याचा माल गेला होता का, हे तोही सांगत नाही. व्हीगन चिन्हाचे नियम एफएसएसएआयने २०२२ मध्ये आणले. ते चिन्ह पदार्थात प्राण्यापासून आलेलं काही घातलेलं नाही हे सांगतं. ती ॲलर्जीची हमी नव्हे. व्हेची, म्हणजे दुधाच्या प्रोटीनची पावडर आणि वाटाण्याची पावडर एकाच मिश्रणयंत्रात भरली जात असेल, तर पावडरचं पीठ कोपऱ्याकोपऱ्यात बसतं आणि कोरडी झाडपूस करून पूर्ण जात नाही. चॉकलेट चवीत धोका आणखी वाढतो, कारण कोकोच्या मालाचा दुधाशी जागोजागी संबंध येतो. बिनदुधाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डार्क चॉकलेटमध्येही दूध सापडतं, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासण्या करून वारंवार दाखवलं आहे.

आता ‘कंटेन्स’ आणि ‘मे कंटेन’ यांतला फरक. भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, अंडी, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्यं, मासे, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट, यांपैकी काही घटक म्हणून घातलं असेल तर ते ‘कंटेन्स’ म्हणून जाहीर करावंच लागतं. चुकून मिसळण्याची शक्यता मात्र उत्पादकाने जाहीर ‘करावी’ असं बंधन नाही, ‘करता येईल’ एवढंच आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘मे कंटेन’ लिहिलेला डबा तुमच्यासाठी बाद. पण ‘मे कंटेन’ नसलेला डबा सुरक्षित ठरत नाही. कदाचित तो खरंच वेगळ्या यंत्रावर भरला असेल, कदाचित कंपनीने लिहायचे कष्ट घेतले नसतील. दोन्ही डबे दिसायला सारखेच. परदेशात राहणाऱ्यांनीही हेच धरून चालावं. अमेरिकेत आणि युरोपातही ही सावधगिरीची ओळ ऐच्छिकच आहे. एक फरक तिळाचा: तिथे तो सक्तीच्या यादीत आहे, आपल्याकडच्या यादीत नाही. त्यामुळे तिळाची ॲलर्जी असेल तर इथे घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते.

यादी वाचताना दूध ‘दूध’ या नावाने येईलच असं नाही. व्हे, केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स, ताकाची पावडर, लोणी, चीज पावडर ही सगळी त्याचीच नावं. ‘नॉन डेअरी क्रीमर’मध्ये सोडियम केसिनेट सर्रास असतं, आणि ते दुधाचंच प्रोटीन आहे. मसाला चिप्सवरच्या भुरभुऱ्यात दूध पावडर असते. अंड्याच्या बाबतीत अल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन आणि लायसोझाइम शोधा. लेसिथिन दिसलं तर ते कशाचं ते बघा. पावडरमध्ये ते बहुधा सोयाचं असतं, पण अंड्याचंही असू शकतं. उलट लॅक्टिक ॲसिड, कॅल्शियम लॅक्टेट किंवा कोको बटर ही नावं दुधासारखी वाटली तरी सहसा दुधाशी संबंधित नसतात. त्यांना घाबरून पदार्थ टाकायचं कारण नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. जिममध्ये कोणीतरी सांगतं, “दूध बाधतं ना, मग आयसोलेट घे, त्यात लॅक्टोज नसतं.” लॅक्टोज ही दुधातली साखर. ती न पचल्याने गॅस, जुलाब होतात आणि तिथे आयसोलेट चालून जातं. ॲलर्जी असते प्रोटीनची, आणि आयसोलेट म्हणजे तेच प्रोटीन नव्वद टक्क्यांपर्यंत घट्ट केलेलं. लॅक्टोज-फ्री दूध, ए-टू दूध, म्हशीचं, शेळीचं दूध, यांतलं काहीही दुधाच्या ॲलर्जीवरचा उपाय नाही. गाय आणि शेळीच्या दुधातली प्रोटीनं इतकी सारखी आहेत की एक बाधणाऱ्याला दुसरं बहुधा बाधतंच. आणि साजूक तूप! ‘तुपात कुठे दूध असतं’ असं आजी म्हणते, पण कढवलेल्या तुपात प्रोटीनचा थोडा अंश राहतो. व्यायामाने पातळी खाली आलेली असताना तो थोडाही पुरतो.

थोडा अंश म्हणजे किती

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये दूध, अंडं आणि शेंगदाणा यांच्यासाठी २ मिलिग्रॅम प्रोटीन ही संदर्भमात्रा सुचवली. ती शून्य धोक्याची रेघ नाही. त्या ॲलर्जीच्या शंभरातल्या सुमारे पाच जणांना एवढ्यावरही काही ना काही लक्षण दिसू शकतं. आता हिशेब करा. पावडरमध्ये दुधाचं प्रोटीन दहा लाख भागांत १०० भाग मिसळलं आहे असं धरू. ३० ग्रॅमच्या एका चमच्यात ते ३ मिलिग्रॅम झालं. दोन चमचे घेतले की ६. बिस्किटात तेवढ्याच प्रमाणात मिसळलं असतं, तर एका लहान बिस्किटातून याच्या पाचव्या हिश्श्याएवढंही पोटात गेलं नसतं. पावडर एका वेळी भरपूर घेतली जाते, म्हणून तिच्यातला अंश जास्त छळतो.

कंपनीला ईमेल करायचा असेल तर ‘तुमची पावडर सुरक्षित आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. याच यंत्रावर व्हे किंवा नट्सचा माल चालतो का, मधली सफाई ओली की कोरडी, आणि प्रत्येक बॅचमध्ये दुधाच्या प्रोटीनचा अंश मोजणारी एलायझा तपासणी होते का, झाली तर किती मर्यादेपर्यंत, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर आकड्यात उत्तर आलं तर ती कंपनी कामाची. माझ्या अनुभवात अर्ध्यांकडून उत्तरच येत नाही, आणि तेही एक उत्तर आहे. शिवाय एका चवीचं उत्तर दुसऱ्या चवीला लावू नका, आणि ऑनलाइन दुकानातल्या फोटोवर विसंबू नका. फोटो जुन्या पाकिटाचा असू शकतो.

पावडर गेली, पंधरा दिवस ठीक, आणि पुन्हा

इथे गोष्ट संपायला हवी होती. सोळाव्या दिवशी पुन्हा गांधी उठल्या, या वेळी ओठही सुजला. पावडर तर घरात नव्हती. वहीत सापडलं ते असं: पावडरच्या जागी आईने सातूचं पीठ सुरू केलं होतं, बाजारातून सुटे फुटाणे आणून मिक्सरवर दळलेलं. कल्पना उत्तम. १०० ग्रॅम फुटाण्यांच्या पिठात २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि लेबलची भानगडच नाही.

लेबल नाही, हीच भानगड. मी तिला एवढंच विचारलं, “ताई, फुटाणे ज्याच्याकडून घेता तो खारे शेंगदाणे कुठे भाजतो?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “त्याच कढईत.” तीच वाळू, तोच झारा, तीच चाळणी, आणि शेजारी शेजारी लावलेली पोती. वर घरातला मिक्सर तोच, ज्यात बाकी घरासाठी शेंगदाण्याचा कूट होतो. पात्याखालच्या रबराच्या कडीत तो बसून राहतो, नुसतं पाणी फिरवून निघत नाही.

उपाय साधा निघाला. पाकिटबंद कच्चे हरभरे, निवडून, धुऊन, वाळवून घरच्या कढईत भाजायचे. एक लहान मिक्सरचं भांडं फक्त त्याचं, झाकणावर लाल टेप. गिरणीतून सोयाबीन किंवा डाळीचं पीठ आणायचं तर आधी काय दळलं ते विचारायचं, शक्यतो घरीच दळायचं.

दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. शेंगदाणा हा काजू-बदामासारखा झाडावरचा मेवा नाही, तो कडधान्याच्या घराण्यातला. म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला काजू चालेलच किंवा बाधेलच असं नावावरून ठरत नाही, ते तपासूनच ठरतं. आणि तो डाळींचा भाऊबंद असला तरी शेंगदाणा बाधणाऱ्या बहुतेकांना तूर, मूग, हरभरा चालतो. वाटाण्याचं घट्ट केलेलं प्रोटीन मात्र काही थोड्यांना बाधल्याचं नोंदलं गेलं आहे. त्यामुळे शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ती पावडर पहिल्यांदा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि पहिल्यांदा घ्याल तेव्हा सराव नसलेल्या दिवशी.

मग ९३ ग्रॅम कुठून आणायचे

५८ किलोच्या, वाढीच्या वयातल्या धावपटूसाठी मी किलोला १.६ ग्रॅम धरते, म्हणजे दिवसाला साधारण ९३ ग्रॅम. पावडर त्यातले जेमतेम वीस भरत होती. ताटात ते असे बसले.

सकाळी ६० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी आणि दोन अंडी, मिळून २७ ग्रॅम. दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट आमटी आणि कोरड्या मापाने २५ ग्रॅम सोया वड्यांची भाजी, मिळून ३०. सरावानंतर घरच्या फुटाण्यांचं ४० ग्रॅम पीठ २५० मिलिलिटर साध्या सोया दुधात, सुमारे १६. रात्री १०० ग्रॅम चिकन किंवा बांगडा, नसेल तेव्हा ४० ग्रॅम सोया वड्या, भात किंवा भाकरीसह २६. बेरीज ९९. सहा ग्रॅम जास्त, कारण घरचं जेवण कधीच मापात नसतं.

अंडं चालत नसेल तर सकाळच्या पिठात २५ ग्रॅम भिजवलेल्या सोया वड्या वाटून घाला. दोन अंड्यांएवढं प्रोटीन भरून निघतं आणि धिरडं फाटतही नाही. दूध नसल्याने कॅल्शियमकडे बघावं लागतं, म्हणून एक भाकरी नाचणीची. बदामाचं ‘दूध’ कोणी सुचवलं तर ते या हिशेबात धरू नका: पेल्यात जेमतेम एक ग्रॅम प्रोटीन, आणि सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर ते सरळ बादच. सोया स्वतः ॲलर्जीच्या यादीत आहे. दुधाबरोबर तोही बाधत असेल तर वरचं ताट चिकन, मासे आणि डाळींकडे वळवावं लागतं. शाकाहारी, आणि दूध-सोया दोन्ही बंद असलेल्या खेळाडूला मात्र मी पावडर टाळायला सांगत नाही, कारण डाळींचा ढीग खाऊन पोट फुगतं आणि सराव बुडतो. त्यांच्यासाठी वाटाणा आणि तांदूळ यांचं मिश्रण, बिनचवीचं, बॅच तपासलेलं.

दमा असलेल्यांसाठी एक आडवाटेची जागा: पावडर ओढायच्या बऱ्याच रोटाकॅपमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रोटीनचा सूक्ष्म अंश असू शकतो. दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

किटबॅगमधलं इंजेक्शन आणि डोपिंग

ओठ सुजल्यानंतर ॲलर्जीतज्ज्ञांनी त्याला ॲड्रेनॅलिन जवळ ठेवायला दिलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं द्यायचं ते त्याला, आईला आणि प्रशिक्षकांना शिकवलं. त्यावर प्रशिक्षकांचा पहिला प्रश्न होता, “हे डोपिंगमध्ये येतं ना?”

येतं. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन उत्तेजक म्हणून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे, आणि गांधींवर सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्याही. सेटिरिझिन नाही. पण जिवावर बेतलं असताना इंजेक्शन रोखायचं नसतं. आधी द्यायचं, मग रुग्णालयाची कागदपत्रं, लक्षणांच्या वेळा आणि दिलेली मात्रा जोडून राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, मागाहून उपचारसवलतीचा अर्ज करायचा. आणीबाणीतल्या उपचारासाठी तशी तरतूद आहे. आधीपासून ॲलर्जीचं निदान लिहिलेलं पत्र हाताशी असेल तर तो अर्ज करणं बरंच सोपं जातं. त्याच्या किटबॅगच्या आतल्या कप्प्यात आता इंजेक्शन, ते पत्र आणि वही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतं. नडगी दुखली की आयबुप्रोफेनऐवजी आधी बर्फ, आणि गोळी लागलीच तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली. सरावाआधीच्या तीन तासांत बाहेरचं काही खायचं नाही, हा नियम त्याने स्वतःच वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत गांधी एकदाच उठल्या. जिल्हा स्पर्धेच्या मुक्कामी, काकडीच्या कोशिंबिरीतून.